एका घंटीचा हिशेब

मध्यरात्री मोबाइलची घंटी एकदाच वाजते आणि फोन उचलण्यापूर्वीच थांबते. सकाळी पडद्यावर '+१ ४७३' ने सुरू होणारा अनोळखी क्रमांक दिसतो. ज्या घरातील मुलगा अमेरिकेत आहे, तेथे +१ हा आकडा परिचयाचा असतो. काही निकड तर नसेल, या काळजीने उलट फोन केला जातो. परंतु +१ या संकेतांकात अमेरिकेखेरीज कॅनडा आणि कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटेही येतात. ४७३ हा आकडा ग्रेनाडा या बेटाचा आहे.

या युक्तीला मूळ जपानी नाव 'वनगिरी', म्हणजे एक घंटी देऊन तोडणे. न उचललेल्या फोनला सहसा आकार पडत नाही. त्यामुळे संगणकाद्वारे हजारो लोकांना घंटी देण्यास ठगाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. कमाई होते ती उलट येणाऱ्या फोनमधून.

परदेशी फोनचा आकार एकट्या कंपनीकडे राहत नाही. ग्राहकाची कंपनी तो वसूल करते आणि फोन पोहोचवणाऱ्या परदेशी कंपनीला तिचा वाटा देते. काही देशांत हा वाटा मोठा असतो. तेथील क्रमांक ठगाने भागीदारीच्या कराराने घेतलेला असतो. समजा, दर मिनिटास ५० रुपये आहे आणि फोन ४ मिनिटे चालला. ग्राहकाचे २०० रुपये गेले. त्यातील ४० रुपये जरी ठगाला मिळाले, तरी शंभर उलट फोनांचे ४,००० रुपये होतात.

म्हणूनच ग्राहकाला फोनवर खोळंबून ठेवले जाते. कधी संगीत लागते, कधी 'कृपया थांबा' असे सांगितले जाते. सर्वांत फसवी रीत म्हणजे घंटीचा ध्वनिमुद्रित आवाज. यंत्राने फोन उचललेला असतो, पण ग्राहकाला तो अजून वाजतच आहे असे वाटते. येथे मोबाइलचा पडदा खरे सांगतो: घंटी ऐकू येत असताना सेकंद मोजले जाऊ लागले, तर आकारणी सुरू झालेली असते. फोन त्याच क्षणी बंद करावा.

केवळ मिस्ड कॉल आल्याने पैसे जात नाहीत, आणि नुसत्या उलट फोनने बँकेचे खातेही उघडे पडत नाही. प्रीपेड ग्राहकाचे नुकसान शिल्लक रकमेपुरते मर्यादित राहते. पोस्टपेड जोडणी किंवा दुकानातील दूरध्वनी यांवर मात्र ते बिल येईपर्यंत लक्षात येत नाही. तो एक क्रमांक ब्लॉक करणेही पुरेसे नसते, कारण ठग क्रमांक बदलत राहतो.

ज्या जोडणीवरून परदेशी व्यवहार होत नाही, तिची आयएसडी सेवा कंपनीला सांगून बंद करावी. निर्यातीचा व्यवसाय असल्यास ती एकाच क्रमांकावर ठेवावी. परदेशातील मुलाची चौकशी त्याच्या जतन केलेल्या क्रमांकावरच करावी. बिलात अनोळखी देशाची नोंद आढळल्यास तारीख, वेळ आणि मिनिटे टिपून कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी.