सोबतीचा तासही कामाचाच

साताऱ्यातील सदरबझार, शाहूपुरी, गोडोली आणि सांगलीतील विश्रामबाग या वस्त्यांमध्ये एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. दुमजली घर, वर कुलूप, खाली पंचाहत्तरी ओलांडलेले जोडपे किंवा त्यातले मागे उरलेले एकजण, आणि मुले पुण्यात, बंगळुरूत नाही तर परदेशात. अशा घरात येणारी बाई पूर्वी धुणेभांडी करून निघून जायची. आता तीच स्वयंपाक करते, केर-फरशी उरकते, आजींना आंघोळ घालते, गोळ्या देते आणि मुलांचा फोन आला की ‘जेवल्या का?’ या प्रश्नाचे उत्तरही देते. काम पालटले, पण पगार ठरवण्याची रीत जुनीच राहिली. भांड्यांचे इतके, फरशीचे इतके, पोळ्यांचे इतके, आणि ‘आईंकडे जरा बघायचं’ म्हणून वर हजार-दोन हजार. सगळा घोळ या ‘जरा’मध्ये आहे. भांडी घासून संपतात, पण आजींना एकटे सोडता येत नाही म्हणून ती बाई जे तीन-चार तास घरात थांबते, त्यांचे मोल या हिशेबात कुठेच धरलेले नसते. त्यामुळे पगार कामांच्या संख्येवर न ठरवता तासांवर ठरवला पाहिजे आणि नुसत्या सोबतीचा तासही पुऱ्या दराने मोजला पाहिजे, असे आमचे मत आहे.

दर कोणता, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्र सरकारकडे त्याचे उत्तर नाही. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण ते मंडळ नोंदणी करते आणि मदत वाटते. पगाराचा दर ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही. किमान वेतन ठरवलेल्या उद्योगांच्या राज्याच्या यादीत घरकाम आलेच नाही. म्हैसाळ ओलांडून कागवडला गेले की लागणाऱ्या कर्नाटकाने मात्र २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन लागू केले होते. तेव्हा दर बाहेरून आणावा लागेल, आणि त्यासाठी देशात मान्य झालेली एक पद्धत हाताशी आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कामगाराचा पगार त्याच्या कुटुंबाच्या गरजांवरून काढावा असे ठरवले. अन्न, माणशी वर्षाला अठरा वार कापड, घरभाडे आणि त्यावर इंधन-दिवाबत्ती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी व सणवार यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. याच विचाराला आजचे आहाराचे मापदंड लावून केंद्राने नेमलेल्या डॉ. अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये रोज ३७५ रुपये, म्हणजे २६ दिवसांचे ९,७५० रुपये आणि शहरात घरभाड्याचे वेगळे १,४३० रुपये सुचवले. ते दर जुलै २०१८ च्या किमतींवर होते. त्यानंतर महागाई साधारण ४० टक्क्यांनी वाढली. ती धरली की पगाराचे १३,६५० आणि भाड्याचे दोन हजार मिळून १५,६५० रुपये होतात. रोज आठ तास आणि महिन्याचे २६ दिवस म्हणजे २०८ तास. त्याने भागल्यावर तासाला ७५ रुपये येतात. हा सांगली-साताऱ्यातला पायाभूत दर मानावा.

हा आकडा फुगवलेला आहे का, हे दोन बाजूंनी ताडून पाहता येते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे तासाला ३९ रुपये होता. दुष्काळात हाताला काम असावे म्हणून ठरवलेला हा आधार आहे. कुटुंब चालवण्याच्या पगाराशी त्याची बरोबरी होत नाही. दुसऱ्या बाजूला, केंद्राच्या अखत्यारीतील झाडलोट, साफसफाई व बांधकाम या कामांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून महानगरांत अकुशल मजुराला रोज ७८३ रुपये ठरले, म्हणजे तासाला जवळपास ९८ रुपये. महानगरापेक्षा सांगलीत राहणे स्वस्त, हे मान्यच आहे. त्या दोन टोकांच्या मध्ये ७५ हा आकडा बसतो.

आता एक घर उदाहरणादाखल घेऊ. विश्रामबागेत ८२ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या, काठीशिवाय चालता न येणाऱ्या आजी एकट्या राहतात. मदतनीस बाई सकाळी ८ ला येते आणि संध्याकाळी ५ ला जाते. दोन वेळच्या स्वयंपाकाला दोन तास, भांडी, केर-फरशी व कपडे यांना दोन तास, आंघोळ, संडासला नेणे-आणणे, गोळ्या, खाऊ घालणे व चालवणे यांना दोन तास, आणि उरलेले तीन तास सोबत. जेवण ती तिथेच, आजींच्या हाकेच्या अंतरावर करते, म्हणून ती वेळ वजा करता येत नाही. एकूण नऊ तास झाले. यातला स्वयंपाक आणि शरीराची शुश्रूषा अकुशल म्हणून मोजता येणार नाही. केंद्राच्या त्याच दरपत्रकात अकुशलाला ७८३ आणि कुशलाला ९५४, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांचा फरक होता. तेच प्रमाण लावले की कुशल तासाचा दर ९१ रुपये होतो. चार कुशल तासांचे ३६४ आणि पाच साध्या तासांचे ३७५ मिळून दिवसाचे ७३९ रुपये. आठवड्यात ४८ तासांवरच्या, म्हणजे सहा दिवस रोज आठ तासांवरच्या, कामाला दुप्पट दर ही आपल्या कामगार कायद्यातली जुनी रीत आहे. नवव्या तासाचे म्हणून आणखी ७५. दिवसाचे झाले ८१४ आणि २६ दिवसांचे २१,१६४ रुपये. हीच बाई ४ ला घरी गेली, म्हणजे सोबतीचा एक तास कमी झाला, तर पगार १७,२६४ वर येतो. नवव्या तासाची किंमत महिन्याला ३,९०० रुपये आहे. ‘जाता जाता संध्याकाळचा चहा करून जा’ असे सांगताना घरातल्यांना हे ठाऊक असलेले बरे.

शुश्रूषेला कुशल काम का म्हणायचे, असा आक्षेप हमखास येतो. ‘आपल्या आया-आज्या हे करतच होत्या की’ असे त्याचे रूप असते. करत होत्या हे खरे, पण वय झालेल्या शरीराला हात लावण्याचे एक शास्त्र आहे. ओल्या न्हाणीघरात तोल गेलेल्या माणसाला दंडाला धरून ओढले तर खांदा निखळू शकतो. पाय ठेवायच्या जागा आधी दाखवून, कमरेशी आधार देऊन उठवावे लागते. मधुमेहाच्या औषधानंतर जेवण लांबले तर साखर उतरते. एकाएकी सुटलेला घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही त्याची खूण ज्या बाईला कळते, ती डॉक्टर येण्याआधी साखरपाणी देऊन आजींना वाचवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. हे ज्ञान ज्या घरात कामी येते त्या घराने त्याचे पैसे दिले पाहिजेत. इथेच एक मर्यादाही आखायला हवी. इंजेक्शन टोचणे, लघवीची नळी किंवा जखमेचे ड्रेसिंग सांभाळणे हे परिचारिकेचे काम आहे. जास्त पगार देऊनही ते स्वयंपाकाच्या बाईवर ढकलता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने एवढे पैसे आणायचे कुठून? या दोन जिल्ह्यांत निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकरांना बऱ्यापैकी निवृत्तिवेतन असते, पण साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी यांतून निवृत्त झालेले हजारो लोक ईपीएस-९५ वर आहेत, आणि त्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे. त्यांना २१ हजार देता येणार नाहीत, हे उघड आहे. मात्र पैसे पुरत नसतील तर तास कमी करावेत, दर कमी करू नये. त्याच बाईला सकाळी ८ ते १ बोलावले, दोन तास स्वयंपाक, दोन तास शुश्रूषा, एक तास साफसफाई ठेवली, तर दिवसाचे ४३९ आणि महिन्याचे ११,४१४ रुपये होतात, आणि दुपारनंतर तिला दुसरे घर धरता येते. ज्यांची मुले कमावती आहेत त्यांच्याबाबतीत हा प्रश्नच उद्भवू नये. पुण्यात राहून आईची काळजी सांगलीतल्या बाईवर सोपवली असेल तर तिचा पगार मुलांच्या घरखर्चातला आहे, आईच्या निवृत्तिवेतनातला नव्हे. आणि ज्यांना कोणीच नाही त्यांचा भार शासनाने उचलावा. आज तो तोटा दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी बाई स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन भरून काढते आहे.

‘चहा, जेवण, जुने कपडे, दिवाळीला साडी हे काय कमी आहे?’ असेही विचारले जाते. यातले काहीही पगारातून वळते करू नये. गरजेवर आधारलेला पगार कुटुंबाचा असतो. दुपारचे एक ताट त्यातल्या एकाच माणसाचे एक जेवण वाचवते. दिवाळीचा एक पगार मात्र या भागात बऱ्याच घरांत दिला जातो. बोनस कायद्यातला किमान ८.३३ टक्के बोनस म्हणजे बरोबर तेवढाच, तेव्हा ही चाल तशीच लेखी करावी. आठवड्याची सुट्टी २६ दिवसांच्या हिशेबात आलेलीच आहे. तिच्याशिवाय आजारपणाचे खाडे कापायचे नाहीत, हेही आधी ठरवावे.

वृद्धांच्या घरातल्या कामाला आणखी एक जोखीम असते आणि तिच्याविषयी बोलणे सगळेच टाळतात. आजी गेल्या की त्या दिवसापासून काम संपते. बाराव्याच्या स्वयंपाकाला हात लावून बाई घरी जाते आणि पुढच्या महिन्यात तिचे घर कशावर चालायचे याचा विचार कोणी केलेला नसतो. आजी दवाखान्यात दाखल झाल्या तरी तेच. म्हणून काम धरतानाच दोन गोष्टी कागदावर याव्यात: दवाखान्याच्या काळात अर्धा पगार, आणि काम कायमचे संपल्यास एक महिन्याचा पगार व झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. वर्षामागे पंधरा दिवस हे प्रमाण उपदान कायद्यातलेच आहे. घराला तो कायदा लागू होत नाही, पण त्याचे माप वापरायला कोणी अडवलेले नाही.

इतका पगार ठरवला तर लोक बाई ठेवणेच सोडतील, ही भीती १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हाही दाखवली गेली होती. पुण्यातले घरकाम काही बंद पडले नाही. पडण्याच्या बेतात असलेल्या ८२ वर्षांच्या माणसाला एकटे ठेवणे हा पर्याय कोणत्याही घराला परवडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. दिल्लीहून काही येईपर्यंत सांगली-साताऱ्याने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दोन्ही जिल्ह्यांतील कामगार कार्यालयांनी घरकामगार संघटना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना एकत्र बसवून तासाचा दर, शुश्रूषेचा वाढीव दर आणि काम संपतानाची भरपाई असे एक पानी दरपत्रक काढावे, ते दर एप्रिलमध्ये महागाईप्रमाणे सुधारावे आणि प्रत्येक वॉर्डात लावावे. राज्य सरकारनेही पुढच्या अधिवेशनाची वाट न पाहता घरकामाचे किमान वेतन अधिसूचित करावे.