काटा आठवतो, पण भाग कोणता?

‘ब्योमकेश बक्शीचा तो भाग कुठला, ज्यात माणूस भर रस्त्यात कोसळतो आणि त्याच्या छातीत काटा सापडतो?’ दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्या कुणालाही हा प्रश्न विचारून बघा. चेहरे उजळतात, रजित कपूरचं नाव निघतं, पण उत्तर येत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर ‘ब्योमकेश काटा’ असं टाइप करतो, पहिला दिसेल तो व्हिडिओ लावतो आणि पंधरा मिनिटांनी म्हणतो, ‘हा नव्हे.’

एखादी वस्तू, एखादं वाक्य किंवा एखादा प्रसंग तेवढा आठवतो आणि त्यावरून नेमका भाग हुडकायचा असतो. अशा वेळी शोध एका ठरलेल्या क्रमाने करा, अशी माझी विनंती आहे. हाच काटा उदाहरणादाखल घेऊ. त्यामागे चांगलीच गुंतागुंत आहे. दोन कथांचं रहस्य थोडं उघडं पडेल, तेवढं चालवून घ्या.

पहिलं काम कागद-पेनाचं आहे. शोध सुरू करण्याआधी जे आठवतंय ते लिहून काढा. दुसऱ्याने सांगितलेलं किंवा पडद्यावर नुकतं दिसलेलं पाहता पाहता आपल्या आठवणीत मिसळतं आणि मग आपलं मूळचं किती होतं ते कळेनासं होतं. कागदाचे दोन भाग करा. एकीकडे पक्कं आठवतं ते, दुसरीकडे ‘बहुतेक’ म्हणावं लागेल ते. काट्याच्या बाबतीत पक्क्या रकान्यात सहसा एवढंच येतं: रस्ता, अचानक मृत्यू, हृदयात घुसलेली टोकदार वस्तू. ‘एक जण त्यातून वाचला होता’ हे ‘बहुतेक’मध्ये जातं.

आता त्या वस्तूचं कथेत काम काय होतं, हे स्वतःला विचारा. ब्योमकेशचा मित्र अजित याच्या हातातला चहाचा कप जवळपास कुठल्याही भागात दिसू शकतो. त्यावरून काही सापडणार नाही. पण ज्या वस्तूवर रहस्य उभं आहे, तिच्यावरून थेट कथेपर्यंत पोचता येतं. नटराजाच्या मूर्तीत दडवलेला हिरा आठवत असेल तर ती ‘सीमंत हीरा’ची गोष्ट. कोळ्याच्या विषाचं व्यसन लागलेला म्हातारा, त्याची शाई आणि लेखणी आठवत असेल तर ‘मकडी का रस’. खुनाचं हत्यार असलेला काटा याच जातीचा आहे, म्हणून तो कामाचा.

मालिका एखाद्या पुस्तकावर बेतलेली असेल, तर पडद्याआधी पुस्तकाकडे जा. बासू चटर्जींनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथा दूरदर्शनसाठी हिंदीत आणल्या. पहिलं पर्व 1993 साली लागलं, दुसरं 1997 साली. शरदिंदुबाबूंनी ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण केल्या आणि एक अपुरी राहिली. म्हणजे शोधायची जागा मुळातच लहान आहे. कथांची नावं आणि प्रत्येकीचा दोन ओळींचा सारांश वाचायला अर्धा तास पुरतो. भागामागून भाग पाहत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

ही यादी वाचली की एकाच्या ऐवजी दोन काटे सापडतात. पहिली कथा ‘पथेर काँटा’, मालिकेतला ‘रास्ते का काँटा’. दुसरी ‘शजारुर काँटा’, मालिकेतला ‘साही का काँटा’. साही म्हणजे आपलं साळिंदर. दोन्ही कथांत कोलकात्यातली माणसं एकामागून एक मरतात. दोन्हींत हृदयात टोकदार वस्तू घुसते आणि वरवर पाहता मेलेल्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. इथे बहुतेक जण पहिलं नाव दिसताच थांबतात आणि चुकीचा भाग लावतात.

‘बहुतेक’च्या रकान्यातला वाचलेला माणूस तरी निवाडा करील, असं वाटतं. पण तो दोन्ही कथांत आहे. ‘पथेर काँटा’मध्ये खिशातल्या घड्याळाने एकाचा जीव वाचवला. हत्यार घड्याळात अडकलं आणि छातीपर्यंत पोचलंच नाही. ‘शजारुर काँटा’मधला माणूस वाचला, कारण त्याचं हृदय उजव्या बाजूला होतं. ‘कुणीतरी वाचलं’ एवढ्यावरून भाग ठरत नाही, ‘कशामुळे वाचलं’ यावरून ठरतो. म्हणून दोन कथा समोर आल्या की त्यांतलं सारखं काय आहे ते बाजूला ठेवा आणि फरक कुठे आहे तेवढंच विचारा.

या जोडीला तीन प्रश्न पुरतात. पहिला हत्याराचा. ‘पथेर काँटा’तला काटा म्हणजे ग्रामोफोनची पिन आणि ती सुटते सायकलच्या घंटीतून. दुसऱ्या कथेत साळिंदराचा खराखुरा काटा पाठीमागून खुपसला जातो. तुम्हाला गर्दीतली सायकल किंवा घंटीचा आवाज आठवत असेल, तर तुमचा भाग पहिला. दुसरा प्रश्न वर्तमानपत्राचा. पहिल्या कथेत एक चमत्कारिक जाहिरात येते: वाटेतला काटा काढायचा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी अमुक दुकानाजवळच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. तो खांब आठवतो का? तिसरा प्रश्न घरातल्या माणसांचा. ‘पथेर काँटा’च्या वेळी ब्योमकेश अविवाहित आहे आणि अजितबरोबर राहतो. ‘शजारुर काँटा’ 1967 सालची कथा आहे. तोवर त्याचा सत्यवतीशी संसार चांगला रुळलेला आहे.

या तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग काट्यापुरता नाही. सत्यवती कथांमध्ये पहिल्यांदा ‘अर्थमनर्थम्’मध्ये भेटते आणि तिथून पुढे ती ब्योमकेशच्या आयुष्यात आहे. तुमच्या आठवणीत ती बायको म्हणून घरात वावरत असेल, तर त्याआधीच्या कथा यादीतून काढून टाका. मालिकेत ही भूमिका आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केली होती, त्यामुळे मराठी घरांत तो चेहरा सहसा विसरला जात नाही. त्याचा फायदा घ्या. एक सावधगिरी मात्र हवी. कथा ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, तो क्रम प्रमाण मानू नका. ‘सत्यान्वेषी’मध्ये ब्योमकेश आणि अजितची पहिली भेट होते, पण ‘पथेर काँटा’ लिहून झाली होती ती तिच्याही आधी.

कथा ठरली की भाग उघडून खात्री करायची. मालिका यूट्यूबवर असेल तर अख्खा भाग पाहायची गरज नाही. संगणकावर व्हिडिओखालचं वर्णन उघडा. तिथे `Show transcript` दिसलं, तर त्यावर टिचकी मारा म्हणजे संवाद वेळेसकट समोर येतील. मग `Ctrl+F` दाबून शब्द शोधा. इथे दोन ठिकाणी माणसं अडखळतात. आठवण मराठीत असते आणि संवाद हिंदीत, म्हणून ‘साळिंदर’ लिहून काही सापडणार नाही, ‘साही’ लिहावं लागेल. शिवाय संवादांचा हा मजकूर यंत्राने ऐकून लिहिलेला असतो. जुन्या ध्वनिमुद्रणात तो विशेषनामांचा पार चुथडा करतो. ‘ग्रामोफोन’मधल्या फ-खाली कधी नुक्ता असतो, कधी नसतो. म्हणून नुसतं ‘ग्रामो’ शोधा, किंवा ‘साइकिल’, ‘घंटी’ असे साधे शब्द घ्या.

वाक्य आठवत असेल तरी हाच नियम. अख्खं वाक्य शोधू नका, कारण ते शब्दशः बरोबर आठवत असण्याची शक्यता फार थोडी. त्यातलं क्वचित ऐकू येणारं एखादं नाम घ्या. क्रियापदं आणि शब्दांचा क्रम आपण नकळत बदलतो, पण नाम बहुधा तसंच राहतं. संवादांचा मजकूरच नसेल, तर भागाची सुरुवात आणि शेवटची दहा मिनिटं पाहा. रहस्यकथेत हत्याराचा उलगडा सहसा शेवटीच होतो.

काहींच्या मनातली मालिका पुस्तकावरची नसते, रोज संध्याकाळी लागणारी पाच-सहाशे भागांची असते. तिथे यादी नाही, सारांशही सापडेलच असं नाही. मग परत न फिरणारी घटना शोधा: लग्न, बाळाचा जन्म, जुनं घर सोडणं. समजा, तुमच्या प्रसंगात बाळ पाळण्यात आहे. पाचशे भाग असतील तर अडीचशेवा उघडा. बाळ जन्मलं नसेल तर पुढच्या निम्म्यात जा, जन्मलं असेल तर मागच्या निम्म्यात. दर वेळी निम्मे भाग गळतात, त्यामुळे फार तर नऊ वेळा उघडझाप करून तुम्ही जन्माच्या भागापाशी पोचता आणि तिथून पुढे शोधायचा टापू लहान उरतो. जुन्या आठवणींची दृश्यं यात दगा देतात. पात्रं मागचं आठवत असतील, तर तो भाग सोडून शेजारचा पाहा.

एवढं करूनही जुळलं नाही, तर मालिका तीच होती का, हे तपासा. ब्योमकेश पडद्यावर अनेकदा आला आहे. सत्यजित राय यांच्या 1967 सालच्या ‘चिडियाखाना’त तो उत्तमकुमार होता आणि 2015 साली दिबाकर बॅनर्जींच्या हिंदी चित्रपटात सुशांत सिंह राजपूत. ‘शजारुर काँटा’वर बंगालीत चित्रपटही झाले आहेत. दूरदर्शनवरचे गुप्तहेरही एकमेकांत मिसळतात. तुमचा गुप्तहेर गाजर खात असेल, तर तो करमचंद आहे. पंकज कपूरची ती मालिका 1985 सालची.

भाग सापडला की नोंद करा. भागाचा क्रमांक एकटा लिहू नका. एकच कथा कुठे दोन भागांत असते, तर कुठे ते दोन भाग जोडून एक केलेला असतो, त्यामुळे क्रमांक जागेनुसार बदलतात. मालिकेचं नाव, पर्व, कथेचं नाव आणि तो प्रसंग कितव्या मिनिटाला येतो, एवढं लिहा. विचारणाऱ्याला उत्तर देतानाही हे चारही सांगा. ‘सायकलच्या घंटीवाला’ म्हणजे ‘रास्ते का काँटा’ असं ठरवून भाग लावलात, तर घंटीचा प्रसंग स्वतः पाहिल्याशिवाय मिनिट लिहू नका. कथेत असलेलं सगळंच पडद्यावर तसंच उतरतं असं नाही.