चिपीच्या सड्यावरून कुडाळपर्यंत

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीच्या सड्यावर अडीच किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. मुंबईचे विमान तेथे सुमारे दीड तासात उतरू लागले. ज्या जिल्ह्याची अर्धी कर्ती माणसे मुंबईच्या चाळीत आणि उपनगरांत आयुष्य काढतात, त्याला या गोष्टीचे अप्रूप वाटले तर नवल नाही. परंतु विमानातून उतरलेला माणूस घरी कसा पोहोचतो, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणांत कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला व तो पुढील एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्यामुळे नव्या विमानतळाचे पहिले सहा महिने सार्वजनिक वाहतुकीवाचूनच गेले, आणि 'चिपीला जायचे म्हणजे खाजगी गाडी' ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

जागेचा भूगोल पाहिल्याशिवाय हे दुखणे कळत नाही. सड्यावर पाणी नाही, वस्ती विरळ, म्हणूनच तेथे एवढी सपाट जमीन मिळाली. कुडाळ, म्हणजे सर्वांत सोयीचे रेल्वे स्थानक व मोठे बसस्थानक, रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर. मालवण नकाशावर हाताच्या अंतरावर दिसते, पण मध्ये कर्लीची खाडी आडवी आहे. देवबागच्या किनाऱ्यावरून पलीकडचा भोगवे दिसतो, तरी मोटारीला मात्र नेरूरपारच्या पुलापर्यंत आत जाऊन वळसा घ्यावा लागतो. कुडाळहून पाट-परुळ्याच्या बाजूला एस.टी. जाते खरी, पण तिचे वेळापत्रक शाळा, बाजार आणि रात्रीच्या वस्तीची गाडी यांच्या हिशेबाने बांधलेले असते. विमानाची तिला फिकीर नाही आणि असण्याचे कारणही नाही. शिवाय परुळ्याच्या बाजारात उतरल्यावर विमानतळ काही किलोमीटर दूरच राहतो, आणि डोक्यावर बोजा घेऊन सडा चढणे म्हाताऱ्या माणसाचे काम नव्हे.

मग उरते भाड्याची मोटार. ती महाग का पडते, याचा विचार करताना आपल्याकडे चालकाच्या नावाने बोटे मोडण्याची पद्धत आहे. ती न्याय्य नाही. कुडाळचा चालक एका प्रवाशाला आणण्यासाठी निघतो तेव्हा पंचवीस किलोमीटर रिकामा जातो. विमान उशिरा आले तर तास-दोन तास उभा राहतो. रद्द झाले तर रिकामाच परततो. दिवसाला एखादे विमान, तेही आठवड्यातले काही दिवस, अशा ठिकाणी कोणी आपणहून रांगेत उभे राहणार नाही. तेव्हा प्रवाशाला जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे द्यावे लागते. दीड हजार रुपये पडले असे धरू. पुण्याच्या कारखान्यात काम करणारी मुलगी वडील अत्यवस्थ असल्याचे कळून अडीच हजारांचे तिकीट काढून येते, तेव्हा तिच्या प्रवासाचा खर्च शेवटच्या पंचवीस किलोमीटरांत दीडपटीहून अधिक होतो. परतीच्या वेळी पुन्हा तेच.

येथे सरकारच्या हिशेबातील विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. २०१६ साली केंद्राने 'उडान' योजना आणली. ठराविक आसनांचे भाडे सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधून दिले, आणि विमान कंपनीला येणारी तूट तीन वर्षे भरून देण्याचे ठरले. तिच्यातील वीस टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्याने उचलायचा. त्याच योजनेत राज्याने मान्य केलेल्या जबाबदाऱ्यांत विमानतळाला रस्ता, रेल्वे इत्यादी मार्गांनी जोडून देणे हेही आहे. विमानाच्या आसनामागे पैसा मोजला गेला. जोडून देण्याचे कलम मात्र डांबरी रस्ता झाला की पूर्ण झाले, असे मानले गेले. रस्त्यावर गाडी कोण चालवणार, हे कोणी विचारले नाही.

वस्तुतः उपाय फार अवघड नाही, आणि त्याची किल्ली विमानाच्याच दिनक्रमात आहे. या मार्गांवरची सत्तर-बाहत्तर आसनांची पंखेवाली विमाने येतात आणि साधारण अर्ध्या तासात तीच परत निघतात. म्हणजे जाणारे आणि येणारे प्रवासी एकाच तासा-दीड तासात विमानतळावर असतात. समजा, विमान दुपारी बाराला सुटते. सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून जाणाऱ्यांनी साडेदहाला पोहोचले पाहिजे. कुडाळ रेल्वे स्थानकावरून, बसस्थानक घेऊन, एक गाडी साडेनऊला सुटली तर ती वळणांच्या रस्त्याने वेळेत पोहोचते. साडेअकराला विमान उतरते, सामान घेऊन माणसे बाराच्या आत बाहेर पडतात, आणि तीच गाडी सव्वाबाराला त्यांना घेऊन परत निघते. एकाही बाजूला रिकामी फेरी नाही. मोटारचालकाचा जो तोटा प्रवाशाच्या माथी मारला जातो, तो येथे उद्भवतच नाही. जाता-येता मिळून पन्नास किलोमीटर, किलोमीटरला साठ रुपये खर्च धरला तर तीन हजार. दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा माणसे मिळाली तर माणशी शंभर रुपयांत फेरी भागते. आकडे आमच्या अंदाजाचे आहेत. विभागाने आपले घालून पाहावेत.

अडचण पैशाची कमी आणि शिस्तीची अधिक आहे. गाडीची वेळ घड्याळाला नव्हे, विमानाला बांधली पाहिजे. विमान तासभर उशिरा असेल तर विमानतळावरून कुडाळच्या वाहतूक नियंत्रकाला दूरध्वनी गेला पाहिजे, आणि चालक-वाहकांच्या कामाचे तास त्या हिशेबाने लावले पाहिजेत. पावसाळ्यात सड्यावर ढग उतरले की विमान रद्द होते. त्या दिवशी गाडी रिकामी परत न आणता अडकलेल्या प्रवाशांना रेल्वे स्थानकावर सोडणे, हे तिचे सर्वांत मोलाचे काम ठरेल. विमानाचे वेळापत्रक ऋतूगणिक बदलते, आणि आगाराला ते वर्तमानपत्रातून कळत असेल तर पहिल्याच महिन्यात गाडी 'प्रतिसादाअभावी' बंद होणार.

आठवड्यातून दोन-तीनच विमाने असतील तर मोठी गाडी परवडणार नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करू. तेथे आसनवार भाड्याच्या मोटारी हव्यात. त्यांचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ठरवावेत, फलक विमानतळाच्या दारात लावावा, आणि या कामी परुळे-चिपीच्या तरुणांना पहिला हक्क असावा. विमानतळासाठी जमिनी त्या गावांच्या गेल्या आहेत.

विमान टिकणार की नाही, अशी शंका घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. तीन वर्षांची मदत संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईची पहिली सेवा थांबली. पुण्याचे विमान दुसऱ्या कंपनीने त्याआधी ऑगस्टमध्ये सुरू केले होते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार देशभर मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी केवळ ५४ मार्ग मदतीच्या मुदतीनंतरही चालू राहिले. शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. तेथून कदंबच्या बसगाड्या सुटतात, आणि सावंतवाडीकर आपोआप तिकडे वळतो. प्रवासी नाहीत म्हणून बस नाही, आणि बस नाही म्हणून प्रवासी नाहीत, हे चक्र कंपनी मोडणार नाही. तिला तेवढी सवड नसते.

कार्यकर्त्यांनी प्रथम एक साधे काम करावे. सलग आठ दिवस विमानांच्या वेळी दारात उभे राहून कोण कोठे जाते, कशाने जाते, किती भाडे देते आणि विमान किती उशिरा आले, हे वहीत टिपावे. परुळे व चिपीच्या ग्रामसभांचे ठराव, ती वही आणि वरच्यासारखे वेळापत्रक घेऊन कणकवलीच्या विभाग नियंत्रकांकडे जावे. पहिल्या वर्षाची तूट जिल्हा नियोजन समितीने सोसावी, ही मागणी त्याच अर्जात असावी. विमानाच्या आसनाला सरकारी मदत चालते, तर एस.टी.च्या बाकाला का नको, याचे उत्तर लेखी मागावे.