वावर तिरकं, उत्तर चौकोनी

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका शाळेत तासभर बसण्याचा योग आला. पाचवीचा वर्ग होता. गुरुजी क्षेत्रफळ शिकवत होते. फळ्यावर चौकोन काढला आणि खाली लिहिलं, 'लांबी गुणिले रुंदी'. पोरांनी ते तीनदा मोठ्यानं म्हटलं आणि वहीत उतरवलं. तेवढ्यात मागच्या रांगेतलं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "गुरुजी, आमचं वावर असं नाही. एक बांध लांब हाय, समोरचा आखूड हाय. मग कसं काढायचं?" वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं कर. खाली बस." पोरगं खाली बसलं. तास संपेपर्यंत ते पुन्हा काही बोललं नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाची किंमत काढून बघू. समजा, लांब बांध ३३० फूट, समोरचा आखूड बांध २६४ फूट आणि दोहोंमधलं अंतर १६५ फूट. तीन बाजू काटकोनात, चौथी तेवढी तिरकी. फळ्यावरची रीत डोळे मिटून लावली, म्हणजे ३३० गुणिले १६५ केलं, तर ५४,४५० चौरस फूट येतात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. या हिशेबानं वावर ५० गुंठे भरतं. पण खरं वावर तेवढं नाही. त्यातला चौकोन वेगळा काढा. २६४ गुणिले १६५ म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर ४० गुंठे, म्हणजे एक एकर. उरला तो त्रिकोण. त्याची एक बाजू ६६ फूट, दुसरी १६५ फूट, आणि गुणाकाराच्या निम्मे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, झाले ५ गुंठे. एकूण ४५. त्या पोराला गप्प बसवलं, तिथं पाच गुंठ्यांची चूक शिकवली गेली.

पण पाच गुंठ्यांपेक्षा मोठी गोष्ट तिथं शिकवली गेली, आणि ती कुठल्याच पुस्तकात छापलेली नाही. आपल्या डोळ्यांना दिसतं ते विचारायचं नसतं, वरून आलेली रीत मुकाट लावायची असते, हे त्या पोरानं त्या दिवशी पाठ केलं. शिक्षणाचा अभ्यास करणारे याला 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात. फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकानं १९६८ साली वर्गातल्या रोजच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात हा शब्द आला. रांगेत थांबणं, आपली पाळी येईस्तोवर गप्प राहणं, कुणीतरी सतत आपलं बरं-वाईट ठरवतंय हे सोसणं, हे सगळं पोरगं शाळेत शिकतं, पण त्याचा तास वेळापत्रकात नसतो. शेतकऱ्याला हे नवं नाही. खोंडाला औताला लावताना ते पहिल्याच दिवशी नांगरट शिकत नाही. आधी मानेवर जू घेणं आणि हाकेसरशी थांबणं शिकतं.

शिस्त वाईट, असं माझं म्हणणं नाही. चाळीस पोरं एका खोलीत बसवायची तर घंटा हवी, रांग हवी. प्रश्न असा आहे की, सगळ्या पोरांना एकच शिस्त शिकवली जाते का? जीन अ‍ॅन्यन या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या पाच शाळांचे पाचवीचे वर्ग बघितले आणि १९८० साली त्यावर लेख लिहिला. राज्य एक, इयत्ता एक. फरक पालकांच्या धंद्यात होता. दोन शाळांत कारखान्यातल्या कामगारांची मुलं, एकीत मधल्या वर्गातल्या नोकरदारांची, एकीत चांगल्या कमाईच्या व्यावसायिकांची आणि एकीत बड्या कंपन्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांची.

कामगारांच्या मुलांना भागाकार शिकवला तो पायऱ्या सांगून. ही पायरी, मग ती पायरी. का, ते नाही. एका बाईंनी पट्टीनं चौकटी आखायला लावल्या. एक मुलगी म्हणाली, मला याहून सोपी रीत सुचतेय. तिला सांगण्यात आलं की, सांगितलं तसंच कर, नाहीतर चूक धरीन. नोकरदारांच्या मुलांच्या शाळेत बरोबर उत्तराला महत्त्व होतं, रीत थोडीफार आपली चालायची. व्यावसायिकांच्या मुलांना आपल्या डोक्यानं काही करून दाखवायला सांगत. आणि बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शाळेत क्षेत्रफळाचाच धडा निघाला, तेव्हा बाईंनी सूत्र फळ्यावर लिहिलं नाही. चर्चा करत करत मुलांकडूनच ते काढून घेतलं, आणि परिमितीचं सूत्र तुम्हीच बनवा म्हणाल्या. कामगारांच्या मुलांना वर्गाबाहेर जायला चिठ्ठी लागे. अधिकाऱ्यांची मुलं परवानगी न मागता उठून जात. म्हणजे एका शाळेत हुकूम पाळायची तालीम, दुसरीत कारभार चालवायची. पाच शाळांच्या अभ्यासावरून सगळ्या जगाचा निकाल लावू नये, हे खरं. पण आपल्या गावची शाळा कुठल्या बाजूला बसते, हे ताडून बघायला तेवढा आरसा पुरे.

आपल्याकडे तर हा छुपा धडा जुना आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना वर्गात वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट रोज घरून न्यायचं आणि परत आणायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. पुस्तक सगळ्यांना तेच होतं. पण कुणाची जागा कुठं, हे गोणपाट शिकवत होतं.

आज गोणपाट गेलं. पण झाडू कुणाच्या हातात असतो ते बघा. बहुतेक शाळांत पोरी झाडतात आणि पोरं मैदानावर असतात. पाव्हणे आले की चहा सांगायला ठरावीक वस्तीचं पोरगं धावतं, आणि मॉनिटर मात्र गावातल्या वजनदार माणसाचा मुलगा. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोराला गणित चुकलं तर "तुला कोयताच धरायचाय" असं ऐकवलं जातं. तीच चूक सोसायटीच्या चेअरमनच्या मुलाची झाली तर "लक्ष कुठंय तुझं?" एवढ्यावर भागतं. चूक एक, पण एकाला त्याची जागा सांगितली आणि दुसऱ्याला त्याची चूक. पोरं हे पाढ्यांपेक्षा लवकर शिकतात.

कुणी म्हणेल, टारगट पोरं कुठं ऐकतात गुरुजींचं? त्यांच्यावर या धड्याचा काय परिणाम? यावरही काम झालं आहे. पॉल विलिस यांनी इंग्लंडच्या एका कारखानदारी गावातल्या बारा पोरांचा मागोवा घेतला, ते पुस्तक १९७७ साली आलं. ही पोरं शाळेची टिंगल करायची, तास बुडवायची, अभ्यास करणाऱ्याला हिणवायची. आपण कुणाला भीत नाही, असा त्यांचा तोरा होता. पण शाळा सुटल्यावर ती आपल्या पायानं त्याच अंगमेहनतीच्या कामावर गेली, जिथं त्यांचे बाप होते. शाळेला झिडकारून ती सुटली नाहीत, उलट तिनं आखलेल्या जागीच जाऊन बसली. आपल्या पारावर मोबाईल घेऊन बसलेली दहावी नापास पोरं बघितली की हे आठवतं.

यात सगळा दोष गुरुजींच्या माथी मारणं बरोबर नाही. दोन गुरुजी आणि पाच वर्ग अशी कितीतरी शाळांची गत आहे. एका वर्गाला शिकवायचं तर बाकीच्यांना काहीतरी उतरवायला देऊन गप्प बसवावंच लागतं. त्यात गुरुजींच्या फोनवर वरून माहितीचे तक्ते मागवले जातात, आजच भरा, का ते विचारू नका. ज्याला दिवसभर हुकूमच मिळतात, तो वर्गात प्रश्नाला जागा कुठून देणार? जे वरून येतं तेच खाली जातं.

दुसरा एक भ्रम काढून टाकावा. पोराला टाय घातला आणि पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडलं म्हणजे छुपा धडा बदलला, असं नाही. तिथंही उत्तर इंग्रजीत पाठच करून घेत असतील, तर हुकूम तोच, भाषा तेवढी वेगळी. फी भरण्याआधी विचारायचं ते हे की, पोरगं तिथं प्रश्न विचारतं का, आणि विचारल्यावर काय होतं?

आपल्या हातात काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगितली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात, असा नियम आहे. त्याच कायद्यानं पोरांना मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी केली आहे. कोयत्याचा टोमणा काय असतो, याचा विचार ज्याचा त्यानं करावा. पण बऱ्याच गावांत समितीची बैठक म्हणजे खिचडीचा तांदूळ, भिंतीचा रंग आणि सह्या. वर्गात काय चालतं ते कुणी बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, समितीच्या दोघा सभासदांनी, त्यात एक बाई असावी, महिन्यातून एकदा गुरुजींना आधी सांगून तासभर मागं बसावं. मास्तरांची परीक्षा घ्यायला नाही. कागदावर तीनच गोष्टी लिहाव्यात. पोरांनी आपणहून किती प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तर मिळालं? झाडणं, पाणी, चहा ही कामं कुणाला सांगितली? आणि चुकल्यावर कुणाला काय ऐकवलं? तिन्हींत पोरांची नावं लिहावीत. तीन-चार महिन्यांचे कागद शेजारी ठेवले की, तीच तीच नावं कुठल्या रकान्यात येतात ते कुणालाही वाचता येईल. मग झाडण्याच्या पाळ्या पोरा-पोरींना सारख्या लावणं हे एका बैठकीचं काम आहे. त्याला ना निधी लागतो ना वरची मंजुरी. दोन गुरुजींवर पाच वर्ग आहेत ही तक्रार मात्र ठराव करून वर पाठवावी लागेल, ते गुरुजींच्या हातात नाही.

सरकारी मोजणी येते तेव्हा बापमाणूस बांधावर हात जोडून उभा राहतो. भूकरमापक कागद पुढं करतो आणि हा अंगठा किंवा सही करून मोकळा होतो. आकडा कसा आला, ते विचारत नाही. आपण म्हणतो, अडाणी आहे. पण पुष्कळदा तो सातवी-दहावी शिकलेला असतो. विचारायचं नसतं, हे तो शाळेतच शिकून आलेला असतो. मागच्या रांगेतल्या त्या पोरानं प्रश्न विचारला होता. उद्या तेच वावर त्याच्या नावावर होईल आणि मोजणीही येईल. त्या दिवशी त्यानं तोंड उघडावं असं वाटत असेल, तर आज वर्गात त्याला खाली बसवून चालणार नाही.