अग्रहक्क भाग आणि परिवर्तनीय कर्जरोखा : ‘मधला मार्ग’ असं शिकवणं थांबवूया



बारावी वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयात भांडवल उभारणीचे मार्ग शिकावे लागतात. एका बाजूला समहक्क भाग, म्हणजे मालकी. दुसऱ्या बाजूला कर्जरोखे, म्हणजे उसने पैसे. या दोन्हींच्या मध्ये बसतात अग्रहक्क भाग आणि परिवर्तनीय कर्जरोखे. आपण फळ्यावर तीन रकाने आखतो, मधल्या रकान्यात ‘दोन्हींचे गुण असलेले’ असं लिहितो आणि पुढे जातो. मुलांना चार गुण मिळतात, पण डोक्यात एक चुकीचं चित्र पक्कं बसतं: मधलं म्हणजे सुरक्षित, मधलं म्हणजे सुवर्णमध्य. माझ्या मते हे दोन प्रकार एका रकान्यात लिहूच नयेत, कारण ते एकमेकांच्या अगदी उलट वागतात.

कसे, ते पाहू. आधी अग्रहक्क भाग. समजा, एका कंपनीने १०० रुपयांचा ९ टक्के दराचा अग्रहक्क भाग काढला. कंपनीला नफा होतोय तोवर तुम्हाला वर्षाला ९ रुपये मिळतात. नफा दुप्पट झाला तरी ९ च. म्हणजे चांगल्या दिवसांत तुम्ही मालक असूनही सावकारासारखे ठरावीक रकमेवर थांबता.

आता वाईट दिवस येऊ द्या. कर्जरोख्याचं व्याज नफा असो वा नसो, द्यावंच लागतं. अग्रहक्क भागावर मिळतो तो लाभांश, आणि लाभांश फक्त नफ्यातूनच देता येतो. नफा नाही, तर लाभांश नाही. भाग ‘संचयी’ असेल तर राहिलेली रक्कम पुढच्या वर्षांवर चढत जाते, नसेल तर ते वर्ष बुडालं. ‘अग्रहक्क’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की समहक्क भागधारकांच्या आधी तुमचा नंबर. बँक आणि कर्जरोखेधारक मात्र तुमच्याही आधी उभे असतात.

मुद्दलाचं काय? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अग्रहक्क भागांची परतफेड साधारणपणे २० वर्षांच्या आत करावी लागते. पण तीही लाभांशाला उपलब्ध असलेल्या नफ्यातून किंवा त्यासाठीच काढलेल्या नव्या भागांच्या पैशातून. दोन्ही नसेल तर कायद्याच्या कलम ५५ मध्ये एक वाट आहे. मूल्याने तीन-चतुर्थांश भागधारकांची संमती आणि न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली, तर कंपनी पैशांऐवजी नवे अग्रहक्क भाग देऊ शकते. संमती न देणाऱ्यांना पैसे चुकते करण्याचा आदेश होतो, हे खरं. पण कर्जाच्या बाबतीत असं कागदाला कागद देणं आपण सहज मान्य करू का?

मतदानाचंही तसंच. एरवी अग्रहक्क भागधारकाला स्वतःच्या हक्कांशी थेट संबंधित ठराव, भांडवल कमी करणं, कंपनी गुंडाळणं अशा मोजक्याच बाबींवर मत देता येतं. लाभांश सलग दोन वर्षं किंवा जास्त थकला, की सगळ्या ठरावांवर मत मिळतं. म्हणजे पैसे थांबल्यावर कायदा म्हणतो, घ्या, आता तुम्ही मालक. दिवस बरे असताना कर्जासारखं, वाईट आले की भांडवलासारखं!

परिवर्तनीय कर्जरोखा नेमका उलटा. समजा, १००० रुपयांचा, ६ टक्के व्याजाचा रोखा आहे. मुदतीच्या शेवटी तो १० समभागांत बदलून घ्यायचा किंवा पैसे परत मागायचे, हे धारकाने ठरवायचं. म्हणजे रूपांतराची किंमत भागामागे १०० रुपये. आज बाजारभाव आहे ८०. मुदत संपताना भाव १५० झाला तर तुम्ही भाग घ्याल, कारण हातात १५०० रुपयांचा माल येतो. भाव ६० वर आला तर भाग घेणं म्हणजे ६०० रुपये, म्हणून तुम्ही १००० परत मागाल. चांगल्या दिवसांत मालक, वाईट दिवसांत सावकार. या सोयीची किंमत म्हणूनच साध्या कर्जरोख्यापेक्षा इथे व्याज कमी असतं.

कंपनी बुडाली तर? हा हिशोब मुलांकडून जरूर करून घ्या. कामगारांची देणी आणि खर्च सोपेपणासाठी बाजूला ठेवू. मालमत्ता विकून ७० कोटी आले. बँकेचं तारणी कर्ज ५० कोटी, विनातारण परिवर्तनीय रोखे ३० कोटी, अग्रहक्क भाग २० कोटी. बँकेने पूर्ण ५० घेतले, उरले २०. रोखेधारकांना ३० ऐवजी २०, म्हणजे १००० मागे सुमारे ६६७ रुपये. अग्रहक्क भागधारकाला शून्य, समहक्क भागधारकालाही शून्य. शेवटच्या दिवशी ‘अग्र’ आणि ‘सम’ यांच्यात काहीच फरक उरला नाही.

पण रोखेधारकाचं सगळं गोडच असतं असं नाही. आपल्या पुण्यातल्या सुझलॉन या पवनचक्क्यांच्या कंपनीने २००७ मध्ये परदेशात डॉलरमध्ये परिवर्तनीय रोखे विकले. तेव्हा भाव चढता होता, त्यामुळे हे रोखे पुढे भागांत बदलतील आणि पैसे परत द्यावेच लागणार नाहीत, अशी आशा बाळगता येत होती. २००८ च्या सुरुवातीला चारशेच्या पुढे असलेला भाव २०१२ मध्ये वीसच्याही खाली गेला. त्या भावाला भाग कोण घेणार? रोखे कर्जच राहिले. शिवाय रुपया घसरल्यामुळे डॉलरमधलं ओझं रुपयांत आणखी वाढलं. कंपनीने चार महिन्यांची मुदत मागितली, रोखेधारकांनी नाकारली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरची परतफेड चुकली. पुढे २०१४ मध्ये फेररचना होऊन नवे रोखे आले. यातून दोन गोष्टी दिसतात. रोखेधारकाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क होता, अग्रहक्क भागधारकाकडे इतका धारदार हक्क नसतो. आणि हक्क असला तरी कंपनीकडे पैसा नसेल तर वाट पाहावीच लागते.

म्हणून वर्गात माझी सूचना अशी. तक्त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. नफा थांबला तर हा माणूस कोणत्या रांगेत? भाव चढला तर याला काय मिळतं? रूपांतर धारकाच्या मर्जीवर आहे की सक्तीचं, हेही विचारा. सक्तीचं असेल तर पैसे परत मागायची वाटच बंद असते, नाव कर्जरोखा असलं तरी तो उशिरा मिळणारा समभागच समजा.

आणि पालकांनो, घरात निवृत्तीचे पैसे आले की ‘बँकेच्या ठेवीपेक्षा जास्त दर, आणि वर अग्रहक्क’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, अग्रहक्क भागाला नाही. तो जास्तीचा दर बक्षीस नव्हे, रांगेत मागे उभं राहण्याचा मोबदला आहे. तो पुरेसा आहे का, ते सही करण्याआधी ठरवा.