टाका एकाचा, शिवण अनेकांची

शिवणयंत्राच्या जन्माविषयी एका विद्वान गृहस्थांचा लेख नुकताच वाचनात आला. लेखाचा सारांश असा: अमेरिकेतल्या एलियस हौ नावाच्या गरीब कारागिराला एका रात्री स्वप्न पडले. स्वप्नात रानटी लोक भाले घेऊन त्याच्यावर धावून आले आणि त्या भाल्यांच्या टोकांना भोके होती. सकाळी उठून त्याने सुईचे नेढे मागून पुढे, टोकाशी आणले आणि यंत्र तयार झाले. पुढे आयझॅक सिंगर नावाच्या एका नटाने ते चोरले, न्यायालयाने चोरी सिद्ध केली आणि यंत्राने घरोघरच्या बायकांची सुईच्या जाचातून सुटका केली. एक प्रतिभावंत, एक चोर, एक निवाडा आणि एक सुखान्त शेवट. बालनाट्याला हे पुरेसे आहे. इतिहास म्हणून ते छापले जाते आणि मुलांच्या वह्यांत उतरते, म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

स्वप्नाचा निकाल एका वाक्यात लागतो. टोकाशी नेढे असलेली सुई न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने 1834 च्या सुमारास वापरली होती, म्हणजे हौच्या 1846 च्या पेटंटआधी बारा वर्षे.

हंटने केले काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. हाताने शिवताना सुई कापडातून आरपार जाते आणि मागून सगळा दोरा ओढून घ्यावा लागतो. हे यंत्राकडून करून घेणे फार अवघड. म्हणून फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने वेगळा मार्ग धरला. त्याच्या 1830 च्या पेटंटातली आकडेदार सुई कापडाखालचा दोरा वर ओढून एकात एक फास अडकवत जाई. हा साखळी टाका. त्याचा दोष असा की दोऱ्याचे एक टोक सुटले आणि ओढले गेले, तर सगळी शिवण सरसर उसवते. हंटने दोन दोरे घेतले. टोकाशी नेढे असलेली सुई वरचा दोरा घेऊन कापडात उतरते. ती परत वर येऊ लागली की तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास उरतो आणि त्या फासातून खालचा दोरा घेतलेला धोटा निघून जातो. दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात आणि गाठ कापडाच्या पोटात बसते. आजही मशीनवर टीप मारल्यावर कापड उलटे करून पाहावे. खाली दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी पडला आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसत असतील, तर गाठ जागेवर आहे. हा दोन दोऱ्यांचा टाका हंटचा. त्याने पेटंट घेतले नाही, म्हणून कायद्याने तो हौचा झाला. गृहस्थांच्या लेखात हंटचे नावही नाही.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. क्षणभर असे धरू की टाका हौचाच होता. पण टाका म्हणजे शिवणयंत्र नव्हे. शिवण घडायची तर प्रत्येक टाक्यानंतर कापड नेमके तेवढेच पुढे सरकले पाहिजे, शिवणाऱ्याला ते वळवता आले पाहिजे आणि सुई वर येताना ते तिच्याबरोबर उचलले जाता कामा नये. या तीन गोष्टी हौच्या यंत्रात कशा होत्या, हे गृहस्थांनी पाहिलेच नाही. त्याची सुई वाकडी होती आणि ती आडवी चाले. कापड एका धातूच्या पट्टीवरच्या टाचण्यांना टोचून उभे टांगलेले असे. ती पट्टी टाक्याटाक्याने पुढे सरके आणि पट्टी संपली की शिवण थांबे. मग पट्टी मागे आणायची, कापड काढायचे, पुन्हा टोचायचे आणि पुन्हा सुरू करायचे. पट्टी सरळ, म्हणून शिवणही सरळच. मुंढ्याच्या गोलाईवर बाही कशी जोडणार? गळा कसा वळवणार? 1845 मध्ये हौने बोस्टनमध्ये पाच शिवणकाम करणाऱ्या मुलींशी स्पर्धा लावली आणि जिंकली, हे गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगतात. ती स्पर्धा खरी आहे आणि मिनिटाला सुमारे 250 टाके हा वेगही खरा आहे. पण शिवायच्या होत्या त्या सुट्या शिवणी. त्या दिवशी एखादा सदरा शिवायला दिला असता, तर मुली जिंकल्या असत्या.

कापड सरकवण्याचे कोडे दुसऱ्यांनी सोडवले. जॉन बॅचेल्डरने 1849 च्या पेटंटात कापड आडव्या मेजावर आणले आणि खालून अखंड फिरणाऱ्या काटेरी पट्ट्याने ते पुढे नेले. त्यामुळे शिवणीच्या लांबीची मर्यादा गेली. तरी काटे कापडात रुतत असल्याने ते हवे तसे वळवता येईना. तो अडसर अॅलन विल्सनने काढला. त्याची 1854 ची युक्ती अशी: सुईखालच्या पत्र्यातल्या फटींतून छोटे दाते वर येतात, कापडाला खालून धरून एक टाका पुढे नेतात, खाली बुडतात आणि पत्र्याखालून मागे येतात. वर, पुढे, खाली, मागे. सुई कापडाबाहेर असते तेव्हाच दाते कापड हलवतात, आणि ते खाली गेले की सुईभोवती कापड फिरवायला शिवणारा मोकळा असतो. गल्लीतल्या कुठल्याही शिंप्याच्या मशीनचे चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. या चारही हालचाली डोळ्यांना दिसतात आणि त्यांतली एकही हौची नाही.

या मुद्द्यावरचा माझा वाद जुना आहे. एका व्याख्यानानंतर एक निवृत्त अभियंते तावातावाने म्हणाले होते, “दात्यांचे एवढे कौतुक कशाला? मशीनवर भरतकाम करणारे दाते खाली घेऊन कापड हातानेच सरकवतात.” उदाहरण खरे होते, पण निष्कर्ष चुकीचा. भरतकामाचे कापड रिंगणात ताणून बसवलेले असते, म्हणून ते सुईबरोबर वर उचलले जात नाही. शिवाय सारखे टाके पाडायला त्या कारागिराचा हात वर्षानुवर्षे घोटलेला असतो. रिंगण काढा, दाबाचा फूट वर ठेवा आणि साध्या कापडावर टीप मारून पाहा. कापड सुईला चिकटून उडते, फास नीट पडत नाही, टाके सुटतात आणि सुई आत असताना हात हलला तर ती वाकते किंवा तुटते. नवशिक्याच्या हातूनही सरळ टीप पडते ती फूट आणि दाते यांच्यामुळे. अभियंत्यांनी तेव्हा विषय बदलला. तोच मुद्दा आज छापील रूपात परत आला आहे.

आता ‘चोरी’. सिंगर 1850 मध्ये बोस्टनला ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात होता. तिथे दुसऱ्यांच्या रचनेची शिवणयंत्रे दुरुस्तीला येत. त्यांचा धोटा गोल फिरे आणि प्रत्येक फेरीत दोऱ्याचा पीळ सुटून दोरा कमजोर होई. सिंगरने धोटा सरळ मागेपुढे चालवला, सुई सरळ आणि उभी केली, तिला वरच्या हातात धरले आणि कापड दाबायला स्प्रिंगचा फूट दिला. त्याचे 1851 चे पेटंट याच सुधारणांचे. टोकाशी नेढे असलेली सुई आणि धोटा ही जोडी मात्र कायद्याने हौची होती आणि सिंगरने ती परवानगीविना वापरली. 1854 मध्ये तो हरला आणि त्याला पैसे मोजावे लागले, हे योग्यच झाले. पण निवाडा त्या जोडीच्या हक्कापुरता होता. ‘यंत्र कोणी निर्माण केले’ हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. हक्काचा निवाडा वाचून निर्मितीचा इतिहास सांगणे म्हणजे सातबारा वाचून पीक कोणी काढले ते सांगणे.

सुखान्ताबद्दल थोडक्यात. एका यंत्रनिर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पुरुषाचा सदरा हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटे लागत, यंत्रावर 1 तास 16 मिनिटे. विकणाऱ्याचे आकडे म्हणून थोडे कमी धरले तरी फरक प्रचंड आहे. घरच्यांसाठी शिवणाऱ्या बाईला त्याचा लाभ झाला. पण वाचलेल्या वेळातला बराचसा झालरी, चुण्या आणि पट्ट्यांनी लगेच गिळला, कारण पूर्वी अशक्य वाटणारी सजावट आता शक्य झाली होती. नगावर शिवणारीची तर सुटका झालीच नाही. तिला आता यंत्राचे हप्तेही फेडायचे होते. 1856 पासून सिंगरची कंपनी थोडे पैसे आधी घेऊन उरलेले हप्त्यांनी घेत असे. त्यामुळे यंत्र गरिबाच्या घरी पोचले, तसे कर्जही पोचले.

मग माझे म्हणणे काय? शिवणयंत्र हे जोडकाम आहे आणि ते जोडणाऱ्यांनाच 1856 मध्ये तसे मान्य करावे लागले. सगळे एकमेकांवर खटले भरून बसले होते. कोणाही एकाला दुसऱ्याचे पेटंट न मोडता चालणारे यंत्र बनवता येत नव्हते. अखेर हौ आणि सिंगर, व्हीलर अँड विल्सन व ग्रोव्हर अँड बेकर या तीन कंपन्यांनी पेटंटे एकत्र केली आणि इतर उत्पादकांकडून यंत्रामागे 15 डॉलर घ्यायचे ठरवले. त्यातले 5 हौला मिळत. हौचे पेटंट 1867 मध्ये संपले. तरी ही व्यवस्था 1877 पर्यंत चालली, कारण शेवटपर्यंत उरलेले पेटंट बॅचेल्डरचे, कापड सरकवण्याचे होते. ते किरकोळ असते, तर कसलेले कारखानदार हौचा हक्क संपल्यावर आणखी दहा वर्षे पैसे का देत राहिले असते? गृहस्थांनी याचे उत्तर द्यावे.

ही साखळी यंत्रापाशी थांबत नाही. शिलाई वेगवान झाली तशी कारखान्यांत कापणी मागे पडू लागली, कारण कात्रीने थोडेच थर कापता येत. इंग्लंडमधल्या लीड्सच्या जॉन बॅरनने 1858 च्या सुमारास लाकूड कापणाऱ्या पट्टाकरवतीवरून कापड कापणारी पट्टासुरी आणली. तिने अनेक थर एकदम कापले जाऊ लागले आणि मगच तयार कपड्यांचा कारखाना पुऱ्या वेगाने चालला. घरात हीच गरज कागदी नमुन्यांनी भागवली. अमेरिकेत एबेनेझर बटरिक 1863 पासून वेगवेगळ्या मापांचे नमुने विकू लागला आणि शिंप्याकडे न शिकलेल्या बाईलाही अंगाला बसेल असा कपडा बेतता येऊ लागला.

म्हणून पाठ्यपुस्तकात एका नावाने भरलेली जी ओळ आहे, ती बदलावी. टाका हंटचा, त्याचे पेटंट हौचे, कापडाची चाल बॅचेल्डर आणि विल्सनची, उभी सुई आणि फूट सिंगरचा. पाच नावे पाठ करणे मुलांना जड जात नाही. हंट 1859 मध्ये वारला. त्याच्या टाक्यावर दुसऱ्यांनी लाखो डॉलर मिळवले आणि तो टाका आजही चालू आहे. त्याचे नाव त्या ओळीत पहिले असले पाहिजे.