'दुखलं की घे' म्हणजे किती?

आपल्या वस्तीतल्या एका मावशींची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. गुडघे धरले म्हणून त्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. वय साठीच्या पुढे, वजन एकेचाळीस किलो, पहाटेपासून चार घरची धुणीभांडी. चिठ्ठीवर दोन औषधं. दोन्ही नावं कंपन्यांची होती. ती बाजूला ठेवून आतलं औषध लिहिलं तर चिठ्ठी अशी होते:

```
Tab. Aceclofenac 100 + Paracetamol 325   BD  PC
Tab. Paracetamol 650                     SOS
```

मावशींना अक्षरओळख आहे, पण मराठीची. त्यांनी मला विचारलं, "पोरा, डॉक्टरनं बिडी का लिहिली रं? मी तर तंबाखूबी सोडली." आम्ही दोघंही हसलो. नंतर हसू राहिलं नाही.

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. ओडी एकदा, टीडीएस तीनदा, पीसी जेवणानंतर, एसी जेवणाआधी, एचएस झोपताना. ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. युरोपात वैद्यक लॅटिनमध्ये शिकवलं जात होतं तेव्हापासून ती चालत आली आणि इंग्रजी वैद्यकासोबत आपल्याकडे पोहोचली. डॉक्टरने डॉक्टरशी किंवा औषध दुकानदाराशी या भाषेत बोलावं, माझी हरकत नाही. प्रत्येक धंद्याला आपली लघुलिपी असते. माझी हरकत एवढीच आहे, की गोळी गिळते ती तिसरी व्यक्ती, आणि या बोलण्यात तिला जागाच नाही.

ओडी, बीडी, टीडीएस निदान मोजता तरी येतात. एकदा कुणी सांगितलं की प्रश्न मिटतो. दोनदा म्हणजे सकाळच्या चहासोबत आणि दुपारच्या जेवणासोबत नव्हे, तर सकाळ-रात्र, साधारण बारा तासांच्या अंतराने, एवढी भर घातली की झालं. खरा घोळ एसओएसचा आहे. एसओएस म्हणजे गरज पडली तर. काही रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डवर त्याऐवजी पीआरएन असतं; व्यवहारात अर्थ तोच. या तीन अक्षरांत डॉक्टर एक मोठी गोष्ट करून जातो. औषध कधी आणि किती वेळा घ्यायचं हा निर्णय तो रुग्णाच्या हाती देतो. पण निर्णय घ्यायला लागणारी माहिती देत नाही. जबाबदारी दिली, ज्ञान ठेवून घेतलं. हा व्यवहार आपल्या लोकांना नवा नाही.

मावशींचं काय झालं ते बघा. दुकानातल्या पोराने सांगितलं, "ही दोन वेळा, आणि ही दुखलं की घे." मावशींना तर दिवसभर दुखत होतं. त्या प्रामाणिकपणे दुखलं की घेत राहिल्या. दिवसाला सहा गोळ्या झाल्या.

आता हिशेब करू. 650 च्या सहा गोळ्या म्हणजे 3900 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पण बीडीवाल्या गोळीतही 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहेच. तिच्या दोन गोळ्यांचे 650. एकूण 4550. धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची वरची मर्यादा 4000 मानली जाते. वजन पन्नास किलोच्या खाली असेल, यकृत आधीच दुखावलेलं असेल, रोजची दारू असेल किंवा पोटात नीट अन्न नसेल तर मर्यादा आणखी खाली येते. मावशी एकेचाळीस किलोच्या. दोन गोळ्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून औषधंही वेगळी असा त्यांचा समज. तो समज कुणाचाही झाला असता. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. त्यातली एखादी पोटात गेली असती तर आकडा आणखी वाढला असता.

चौथ्या दिवशी मळमळ, उलट्या, जेवण बंद. रक्त तपासलं. रिपोर्टवर एसजीपीटी 168, पुढे एच. एच म्हणजे हाय, त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेपेक्षा जास्त. शेजारच्या रकान्यात ती मर्यादा छापलेली होती, 40 पर्यंत. हा यकृताच्या पेशींतला पदार्थ. पेशी दुखावल्या की रक्तात वाढतो. आठवड्याने दुसऱ्या ठिकाणी तपासणी केली तर त्या कागदावर एसजीपीटी नव्हतंच, एएलटी होतं. घरचे घाबरले, तपासणी चुकली म्हणाले. ती एकच तपासणी आहे. एसजीपीटी जुनं नाव, एएलटी नवं. आकडा उतरत होता. गोळ्या बंद केल्या होत्या, मावशी सावरल्या.

सगळे सावरतातच असं नाही. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही, किंवा थोडी मळमळ होते. यकृताचं नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसू लागतं. त्यावर उतारा आहे, एन-असिटिलसिस्टीन, पण एकदम जास्त गोळ्या घेतल्या असतील तर तो पहिल्या आठ तासांत दिला की सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून मात्रा जास्त झाल्याचं लक्षात आलं की त्रास व्हायची वाट बघू नका. माणूस ठीक दिसत असला तरी सगळी पाकिटं घेऊन रुग्णालय गाठा.

दवाखान्यात मी ही गोष्ट काढली तेव्हा उत्तर मिळालं, "पेशंट नीट ऐकतच नाहीत." समाजशास्त्र शिकताना हे वाक्य मी अनेक रूपांत वाचलं आहे. व्यवस्थेने सांगितलं नाही, आणि दोष न ऐकणाऱ्याचा. मावशींनी तर शब्दन् शब्द ऐकला होता. दुखलं की घे म्हणाले, त्यांनी घेतली.

दुसरं उत्तर मिळतं, ओपीडीत गर्दी फार, समजावायला वेळ नाही. गर्दी खरी आहे. पण एसओएसच्या जागी 'दुखल्यास 1 गोळी, 6 तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त 3' एवढंच लिहायचं असतं. दुकानदाराला पाकिटावर तसा शिक्का मारता येतो. आकडा रुग्णाप्रमाणे डॉक्टरने ठरवायचा, पण आकडा हवाच. ही कृपा नाही. औषध नियमावलीतल्या नियम 65 नुसार चिठ्ठीवर घ्यायची मात्रा लिहिलेली असली पाहिजे. नुसत्या एसओएसने ती कुठे कळते? वैद्यकीय आचारसंहितेत 2016 च्या दुरुस्तीने औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं आहे. मूळ नाव दिसलं असतं तर दोन्ही ओळींत एकच शब्द आहे हे सातवीतल्या नातीलाही ओळखता आलं असतं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीत कुणाच्याही चिठ्ठीवर एसओएस किंवा पीआरएन दिसलं की चार प्रश्न विचारा. कशासाठी? एका वेळी किती? किती तासांनी पुन्हा? चोवीस तासांत जास्तीत जास्त किती? नंतर सगळ्या पाकिटांच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषध वाचा आणि एकच नाव दोनदा येतं का बघा. आलं तर स्वतः डॉक्टर होऊ नका, गोळी मनाने बंदही करू नका. त्याच डॉक्टरकडे किंवा दुकानातल्या नोंदणीकृत फार्मासिस्टकडे पाकिटं घेऊन परत जा आणि चारही उत्तरं मराठीत पाकिटावर लिहून घ्या.

मावशींच्या डब्यातल्या पाकिटावर आता निळ्या शाईत लिहिलं आहे: 'फार दुखल्यासच. 1. सहा तासांनी. दिवसात 2, त्याहून नाही.' लिहायला डॉक्टरला अर्धा मिनिटही लागला नाही.